केशरी दाण्यांची पेशी

पोरांनो,

पुढच्या मंगळवारी माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढणार आहेत. काळजीचं काही नाही, अर्ध्या तासाचं काम आहे. पण तपासताना डॉक्टर सहज म्हणाले, "पट्टी निघाली की रंग वेगळे दिसतील बरं का. निळा जास्त निळा दिसेल. बरीच वर्षं तुम्ही पिवळट काचेतून बघताय."

ते ऐकल्यापासून मी जरा अस्वस्थ आहे. ज्या डोळ्यानं मी रक्त बघायला शिकले तो हाच डोळा. आमचं मायक्रोस्कोप एका नळीचं होतं, उजवा डोळा त्याला लावायचा आणि डावा उघडाच ठेवायचा. तेव्हाचे रंग मला आठवतात तसे, नवे रंग यायच्या आत, कुठंतरी उतरवून ठेवावेत असं वाटलं. शिवाय थोरलीनं मागच्या रविवारी व्हिडिओवर विचारलं होतं, "आजी, व्हाइट सेल्स खरंच पांढऱ्या असतात का?" मी "नाही" म्हणाले आणि तेवढ्यात तुमची जेवायची वेळ झाली. हे त्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर.

तुमचे आजोबा गेले आणि तुमची आई शिकायला बाहेर पडली, तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते. घरात आवरण्यासारखं काही उरलं नव्हतं. डबे एका ओळीत, चादरींच्या घड्या एका मापाच्या. म्हणून मी लॅब टेक्निशियनच्या कोर्सला नाव घातलं. वर्गातल्या मुली मला काकू म्हणायच्या. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळं जाड पुस्तकांची मला भीती नव्हती, उलट थोडा तोराच होता. तो तोरा पुढं एकदा चांगलाच उतरला. ते सांगतेच.

कोर्स संपल्यावर धाराशिवमधल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये मी कामाला लागले. खोली तळमजल्यावर, खिडकी उत्तरेकडं. तिथले मुख्य टेक्निशियन मूळचे नळदुर्गचे, साठीला आलेले. सगळा दवाखाना त्यांना चाचा म्हणायचा, मीही म्हणू लागले. ते मात्र मला मॅडम म्हणायचे, आणि त्या शब्दात नेहमी चिमूटभर मीठ असायचं.

पहिल्याच दिवशी मी पुस्तक उघडून बसले, तर ते म्हणाले, "मॅडम, पुस्तकातल्या पेशींनी चांगले कपडे घातलेले असतात. फोटो काढायला बसल्यात त्या. इथल्या कशाही अवतारात भेटतील. आधी काच ओढायला शिका."

काच ओढणं म्हणजे रक्ताचा एक लहानसा थेंब काचपट्टीच्या टोकाशी ठेवायचा, दुसरी काच तिरकी धरून त्याला टेकवायची, थेंब तिच्या कडेनं पसरू द्यायचा आणि मग एका दमात पुढं सरकवायची. हात थबकला की रेघा पडतात. नीट जमलं तर काचेवर जिभेच्या आकाराचा पातळ लाल पापुद्रा उमटतो, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पिसासारखा विरत गेलेला. मला असा पापुद्रा जमायला बारा दिवस लागले. घरी मी भाकरी थापताना अंगठा आणि तर्जनी त्याच कोनात धरून बघायची.

वाळलेल्या काचेवर लिशमनचा रंग घालायचा, दोन मिनिटं थांबायचं, मग त्याच्या दुप्पट बफरचं पाणी, ज्याचा आंबटपणा नेमका राखलेला असतो. आता दहा मिनिटं काही करायचं नाही. रंगावर तांब्यासारखी चकाकती साय धरते आणि खिडकीतलं आभाळ तिच्यात थरथरतं.  नंतर पाण्यानं धुवायचं, काच उभी वाळवायची, तेलाचा थेंब टाकायचा, आणि शंभर पटीचं भिंग खाली आणून डोळा लावायचा.

पहिल्यांदा नुसतं गुलाबी दिसलं. मग ते गुलाबी फुटून हजारो टिकल्या झाल्या, प्रत्येकीचं पोट मधोमध फिकं. त्या लाल पेशी. चाचा पाठीमागून म्हणाले, "जाड भागात जाऊ नका, तिथं बाजार भरलाय. पिसाऱ्यावर पण नको, तिथं सगळं पांगलंय. जिथं या बाया एकमेकींच्या खांद्याला नुसत्या टेकून बसल्यात ना, तिथं वाचायचं."

आणि त्या बायांच्या घोळक्यात, अचानक, एक जांभळी.

थोरले, पांढऱ्या पेशी पांढऱ्या नसतात. रंगाशिवाय त्या पाण्यासारख्या असतात, दिसता न दिसता. आपण रंग घातला की त्यांच्या पोटातलं केंद्रक जांभळं होतं. माझी पहिली जांभळी न्यूट्रोफिल होती. तिचं केंद्रक एक नसून तीनचार तुकड्यांत, आणि ते तुकडे केसाएवढ्या धाग्यानं जोडलेले. मला तुळजापुरातल्या माझ्या सासरची कवड्यांची माळ आठवली, दोऱ्यात सैल ओवलेली. भोवतीचं अंग फिकट गुलाबी, त्यात इतके बारीक कण की पिठाची धूळ वाटावी. निरोगी मोठ्या माणसात सगळ्यात जास्त याच. शरीरात कुठं जंतू शिरले की आधी याच धावतात, जंतू गिळतात आणि तिथंच मरतात. फोडातला पू म्हणजे बहुतांशी यांचीच मेलेली गर्दी.

"धावतात" हे मी पुस्तकात वाचलं होतं. काचेवरच्या सगळ्या मेलेल्या, रंगवलेल्या. मे महिन्यातल्या एका दुपारी चाचांनी माझ्याच बोटाचा थेंब घेतला, रंग न घालता वर पातळ काच ठेवली आणि कडा व्हॅसलिननं बंद केल्या. खोली इतकी तापली होती की काचेला अंगाएवढी ऊब होती. "बघत राहा," म्हणाले आणि चहाला गेले. मी बघत राहिले. फिकट पाण्यासारखा एक ठिपका, त्यातले कण चमचमणारे. मग त्याची एक कड हळूच पुढं आली, जणू झोपेत कुणी हात लांबवावा, आणि बाकीचं अंग त्या हातात ओतलं गेलं. पुन्हा एक हात. लाल पेशींना हलकेच बाजूला सारत ती कुठंतरी निघाली होती. माझ्या आत, मला न विचारता, अशा किती जणी चालत असतील! त्या दुपारी मी जेवायची विसरले.

पण जवळीक म्हणजे ओळख नव्हे. जूनमध्ये एकदा मी शंभर पेशी मोजल्या आणि साठ इओसिनोफिल लिहिल्या. इओसिनोफिलचं केंद्रक दोन तुकड्यांचं, चष्म्यासारखं, आणि अंगभर जाड केशरी दाणे, जणू कळीदार बुंदी. ती ॲलर्जीत आणि जंतांच्या आजारात वाढते, एरवी शंभरात दोनचार. चाचांनी माझा कागद वाचला. मग दुसऱ्या काचेचा वाचला. तिथं पंचावन्न.

"मॅडम, सगळ्या गावाला एकाच दिवशी जंत झाले का?"

बफरचं पाणी बिघडून आंबट झालं होतं, त्यामुळं सगळं लालसर रंगलं होतं आणि मी न्यूट्रोफिलच्या धुळीला बुंदी समजले होते. "रंग बघू नका," चाचा म्हणाले. "दाणा बघा. रंग फसवतो, दाण्याचा आकार फसवत न्हाय."

लिम्फोसाइट मला सोपी वाटायची. लहानशी, गोल गच्च केंद्रक आणि त्याला निळ्या रंगाची नुसती किनार, सालीतून फुगून आलेल्या जांभळासारखी. ही धावत नाही. ही आठवण ठेवते. एकदा भेटलेला जंतू तिच्या वंशातल्या कुणालातरी वर्षानुवर्षं आठवतो, म्हणून तुम्हाला दिलेल्या लसी उपयोगी पडतात. मोनोसाइट सगळ्यांत मोठी. अंग राखाडी निळं, घासलेल्या काचेसारखं धुरकट, त्यात कधी रिकाम्या फुग्यांसारखी भोकं, केंद्रक घोड्याच्या नालासारखं वळलेलं. रक्तातून बाहेर पडून ती मांसात जाते, आणखी मोठी होते आणि मेलेलं, मोडलेलं सगळं खाऊन साफ करते. तिच्याबद्दल मला आपुलकी वाटे. बेसोफिल मात्र तीन आठवडे भेटलीच नाही. भेटली तेव्हा वाटलं, काचेवर घाण पडलीय. काळपट जांभळे जाड दाणे, इतके की केंद्रक त्यांच्याखाली बुडालेलं. अंगावर पित्त उठतं ना, ते उठवणारा माल त्या दाण्यांत भरलेला असतो.

आणि या सगळ्यांच्या अधेमधे, कुणी सांडल्यासारखे, जांभळट धुळीचे कण. त्या प्लेटलेट. पुऱ्या पेशीही नव्हेत, पेशीचे तुकडे. रक्तवाहिनीला भोक पडलं की बुजवायला जातात. त्यांच्याकडं मी फारसं लक्ष देत नसे. पुस्तकात त्यांचं प्रकरण शेवटी होतं.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी डेंग्यू आला. तेरकडचा एक शेतकरी आपल्या बारा वर्षांच्या मुलीला घेऊन तीन दिवस येत होता. दवाखान्याच्या डॉक्टरबाई रोज तिचं रक्त तपासायला लावत. आदल्या दिवशी त्यांनी त्याला सांगितलं होतं, "पेशी कमी आहेत. उद्या वाढल्या तर काळजी नाही. नाही वाढल्या तर ॲडमिट करू." तो रोज आमच्या खिडकीशी उभा राहायचा, टोपी हातात घेऊन. मुलगी बाकावर बसायची, दोन वेण्या, कुणाशी न बोलता.

चौथ्या दिवशी सकाळी तिचा ताप उतरलेला होता. मी रक्त पेशी मोजायच्या मशीनला लावलं, पडद्यावर पांढऱ्या पेशींचा आकडा आला. काल एकवीसशे होता, आज सेहेचाळीसशे. मला केवढा आनंद झाला! खालच्या ओळीतला प्लेटलेटचा आकडा, एरवी दीड लाखाच्या वर असणारा, चौतीस हजार होता, पण तो काचेवर खात्री केल्याशिवाय द्यायचा नाही हा चाचांचा नियम. काच तर अजून रंगात होती.

तो खिडकीशी आला. "बाई, पांढऱ्या पेशी वाढल्या का?"

"वाढल्या," मी म्हणाले. "दुपटीहून जास्त."

"व्हय?" त्याचा चेहरा उजळला. "मंग जातो आमी."

मला वाटलं, चहाला जातोय.

दहा मिनिटांनी मी काच धुतली, वाळवली, डोळा लावला. न्यूट्रोफिल थोड्याच. लिम्फोसाइट मात्र जागोजाग, आणि नेहमीच्या नव्हेत. मोठ्या, अंगानं सैल, निळा पदर पसरून बसलेल्या. लाल पेशी जवळ आली की तिच्या कडेला पदर चिकटायचा आणि त्या जागी गडद निळी किनार उमटायची. विषाणूशी भिडलेल्या लिम्फोसाइट अशाच दिसतात. मला ते दृश्य फार सुंदर वाटलं. मी चाचांना बोलावलं.

त्यांनी डोळा लावला. एक जागा, दुसरी, तिसरी. मग काच सरकवून पिसाऱ्याकडं गेले. तिथं प्लेटलेटची गुठळी झालेली असली तर मशीन फसतं.

"गुठळी न्हाय," ते म्हणाले. "एका जागेत दोन, फारतर. एकीचे पंधरा-वीस हजार धरा. मशीन खरं बोलतंय. ताप उतरला म्हणालात? मशीनवर रक्त पण कालच्यापेक्षा दाट दिसतंय. पोरीचा बाप कुठाय? हिला आत्ता वर पाठवा."

बाप खिडकीशी नव्हता. मुलगी बाकावर नव्हती.

"चहाला गेलेत. मी सांगितलंय पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणून."

चाचांनी डोळा मायक्रोस्कोपवरून उचलला. "काय सांगितलं?"

"त्यांनी पांढऱ्या पेशी विचारल्या. वाढल्यात ना त्या."

"या अल्ला! मॅडम, या जिल्ह्यात पांढऱ्या पेशी म्हंजे प्लेटलेट. डेंग्यू झाला की कुणीबी विचारतं, पांढऱ्या पेशी किती? प्लेटलेट विचारतात ते! तुमच्या इंग्रजीत काय असेल ते असो."

 ताप उतरतो त्याच दिवसापासून डेंग्यूचे धोक्याचे तास सुरू होतात. रक्तातलं पाणी वाहिन्यांतून झिरपू लागतं, प्लेटलेट तळाशी गेलेल्या असतात. पांढऱ्या पेशी आधी सावरतात, प्लेटलेट मागून. हे सगळं मला पाठ होतं. मी एका बापाला खरा आकडा देऊन खोटी बातमी दिली होती.

चाचांनी फॉर्मवरचा मोबाइल लावला. बंद. मी ॲप्रनसकट बाहेर पडले आणि रिक्षा केली.

एसटी स्टँडवर तेरची गाडी लागलेली होती. खिडक्यांतून बघत गेले. तिसऱ्या खिडकीत दोन वेण्या दिसल्या. मी गाडीत चढले.

"दादा, खाली उतरा. परत चला."

"का? काय ऱ्हायलं का तिथं?"

"पेशी वाढल्या नाहीत. कमी झाल्यात."

"आत्ता तर म्हणलात वाढल्या म्हणून!" आजूबाजूची माणसं वळली. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "ॲडमिट केल्याबिगर पोट भरत न्हाय यांचं."

मला खूप काही सांगता आलं असतं. तेवढ्यात मुलीच्या हाताकडं लक्ष गेलं. सकाळी रक्त घेताना जिथं पट्टा आवळला होता, त्याच्या खाली लाल बारीक टिपक्यांची गर्दी उठली होती. मी तिचा पंजा हातात घेतला. गार होता.

"दादा, मी चुकले," मी म्हणाले. "तुम्ही एक विचारलं, मी दुसरंच सांगितलं. तुम्ही ज्यांना पांढऱ्या पेशी म्हणता त्या वेगळ्या, मी सांगितल्या त्या वेगळ्या. तुमच्या पांढऱ्या म्हणजे धुळीएवढे कण. रक्ताची गळती बुजवतात ते. ते हिच्या रक्तात फार थोडे उरलेत. हे टिपके बघा."

तो टिपक्यांकडं बघत राहिला. "मंग तुमच्या पांढऱ्या कोणत्या?"

"त्या जांभळ्या असतात," मी म्हणाले, आणि गाडीतली एक म्हातारी फसकन हसली. "काय बाई बोलती! पांढरं म्हणायचं अन् जांभळं दावायचं."

कंडक्टरनं डोकं आत घातलं. "मावशी, येणार का उतरणार? तुमच्या पेशींपायी माझी येळ चाललीय."

 मुलगी बापाच्या बाहीला धरून हळूच म्हणाली, "आबा, सकाळधरनं पोट दुखतंय माजं."

तो उठला. पिशवी घेतली, तिला उचलून घेतलं, आणि माझ्याकडं न बघता उतरला.  दवाखान्याच्या दारात रिक्षातून उतरल्यावर तो म्हणाला, "बाई, आता नीट सांगत जावा. आमाला एकच शब्द येतो."

डॉक्टरबाईंनी तिला लगेच दाखल करून सलाइन लावलं. त्या म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत घरी राहिली असती तर अवघड झालं असतं. एवढंच म्हणाल्या.

पुढचे पाच दिवस तिच्या काचा मीच ओढल्या. पहिल्या दिवशी एका जागेत दोन कण. दुसऱ्या दिवशी एकच, कुठं तोही नाही. मी नागमोडी वाटेनं काच पुढंमागं सरकवत जायची, वाळूत काही हरवलंय तसं. निळ्या पदरांच्या त्या लिम्फोसाइट मात्र होत्याच, प्रत्येक वळणावर, लाल पेशींना बिलगून बसलेल्या. तिसऱ्या दिवशी कण पुन्हा दोन झाले. चौथ्या दिवशी पाच, त्यात काही मोठमोठे, नव्यानं घडून आलेले. बाहेरून रक्त द्यावं लागलं नाही.

पाचव्या दिवशी हातानं दाबायच्या मोजणी यंत्राची शंभर पेशी झाल्याची घंटा वाजायच्या जरा आधी, जिथं चार दिवस एकही नव्हती तिथं, एक चष्म्यासारखं केंद्रक आणि भरगच्च केशरी दाणे दिसले. मी रंगावर विसंबले नाही. दाणा बघितला. मग चाचांना बोलावलं.

त्यांनी बराच वेळ डोळा लावून ठेवला. "आली," ते म्हणाले. "मोठ्या आजारात ही दडून बसते, मॅडम. ही परत आली म्हंजे घरात दिवा लागला समजा."

तो बाप डिस्चार्जच्या दिवशी खिडकीशी आला. मी काही बोलायच्या आत त्यानं विचारलं, "पांढऱ्या पेशी किती?" आणि मग स्वतःच हसला. "तुमच्या नव्हं, आमच्या."

"एक लाख दहा हजार," मी म्हणाले.

मी त्याला बोलावून ती काच दाखवली. त्याला काही दिसलं नसावं. पण मुलगी स्टुलावर चढली, डावा डोळा हातानं झाकून बघत राहिली आणि म्हणाली, "आबा, बुंदी."

त्याच दुपारी मी एक कागद लिहून खिडकीवर चिकटवला. "पांढऱ्या पेशी विचारताना: डेंग्यूच्या का साध्या?" चाचांनी वाचला, मान हलवली, म्हणाले, "आत्ता शिकलात."

चाचा आता नाहीत. लॅबमध्ये मोठं मशीन आलंय, ते पेशींचे फोटो काढून ओळीत लावतं. तो कागद दोनदा फाटला, दोनदा नव्यानं लिहिला गेला. दुसऱ्यांदा माझ्या जागी आलेल्या मुलीनं लिहिला. माझी नोकरी संपली तेव्हा मी फक्त एक काच मागून घेतली.

काल ती खिडकीशी धरून पाहिली, मग माझ्या जुन्या एका नळीच्या मायक्रोस्कोपखाली. इतक्या वर्षांत निळा बराच उडालाय. लिम्फोसाइटचे पदर विरलेत, लाल पेशी राखेसारख्या झाल्यात. की माझा मोतीबिंदू आहे मध्ये, मला सांगता येत नाही. ते मंगळवारनंतर कळेल.

काच कपाटाच्या वरच्या खणात, डाव्या बाजूच्या लाकडी डब्यात, सातव्या खाचेत आहे. तिच्यातली केशरी दाण्यांची पेशी अजून दिसते.